छंदाचा कॅमेरा, पहिलं मानधन : तयारी कशी ओळखावी, दर कसा ठरवावा?



कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे फोटो चांगले येतात हे सगळ्यांना माहीत असतं. मग एक दिवस शेजारच्या काकू विचारतात, "आमच्या नातीच्या बारशाचे फोटो काढशील का? पैसे देऊ ना!" मूल आनंदाने घरी येतं आणि दोन प्रश्न पुढे येतात. हे काम त्याला जमेल का? आणि पैसे किती सांगायचे? या लेखात आपण बारशाचंच उदाहरण घेऊन ही दोन्ही उत्तरं काढू.

छंद आणि काम यांत फरक काय?

छंदात शंभर फोटोंमधून एक सुंदर निघाला तरी दिवस सार्थकी लागतो. उजेड चांगला नसेल तर आपण उद्या पुन्हा जाऊ शकतो. बारशात ती सोय नाही. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात नाव सांगते, बाकीच्या बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. हा सगळा प्रकार काही सेकंदांत संपतो. तो फोटो हुकला की हुकला, आत्याला पुन्हा वाकायला सांगून तो आनंद परत येत नाही. म्हणून तयारी तपासताना मुलाचा सगळ्यात चांगला फोटो पाहू नका. अडचणीच्या जागी त्याचे साधारण फोटो कसे येतात ते पाहा.

तयारी कशी तपासायची?

पैसे घेण्याआधी एक रंगीत तालीम करावी. घरातला वाढदिवस किंवा शाळेचं स्नेहसंमेलन चालेल, फक्त कार्यक्रम घराच्या किंवा हॉलच्या आत, दिव्यांच्या उजेडात असावा. आदल्या दिवशी मुलाने यजमानांना विचारून दहा प्रसंगांची यादी करावी. कार्यक्रम झाल्यावर त्या दहाही प्रसंगांचा किमान एक स्वच्छ फोटो आहे का ते मोजावं. सात-आठच निघाले तर अजून सराव हवा.

खराब फोटो लगेच पुसू नयेत, चूक कुठे झाली ते त्यांतूनच कळतं. फोटो संगणकावर मोठा करून पाहा. मागच्या भिंतीसकट सगळंच एका दिशेने पुसल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. भिंत स्पष्ट आणि फक्त माणसाचे हात किंवा चेहरा पुसट असेल तर माणूस हलला, शटर वेगवान हवं होतं. चेहरा मऊ आणि मागचा पडदा मात्र कडक स्पष्ट असेल तर फोकस चुकीच्या जागी गेला. शटर वेगवान केल्यावर फोटो काळा पडत असेल तर आयएसओ वाढवावा. थोडे दाणे दिसले तरी घरच्यांना ते चालतात, पुसट चेहरा चालत नाही.

हॉलमध्ये आणखी एक गंमत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटर फार वेगवान असेल तर फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. असे पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आणावं, ते बहुधा जातात. हे ज्याला कार्यक्रम चालू असताना ओळखता येतं आणि सुधारता येतं, तो बराचसा तयार झाला असं समजा.

शेवटची तपासणी सामानाची. बॅटरी संपली किंवा कार्ड बिघडलं तर पुढे काय? दुसरी बॅटरी, दुसरं कार्ड आणि गरज पडल्यास कुणाकडून मागून आणता येईल असा दुसरा कॅमेरा, एवढी सोय हवी. घरी आल्याबरोबर फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत. तोपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

यात मूल कमी पडत असेल तर नकार देण्यात कमीपणा नाही. गावातल्या स्टुडिओवाल्या दादांसोबत मदतनीस म्हणून दोन-चार कार्यक्रमांना जावं. तिथे जबाबदारी त्यांची असते आणि आपला हात बसतो.

दर कसा काढायचा?

बहुतेक मुलं फक्त कार्यक्रमाचे तास मोजतात आणि इथेच हिशेब बिघडतो. बारसं ३ तासांचं आहे आणि ८० निवडक फोटो द्यायचे आहेत असं समजू. मग वेळ असा लागेल:

- आधी बोलणं, हॉल पाहून येणं : १ तास
- जाणं-येणं : १ तास
- प्रत्यक्ष कार्यक्रम : ३ तास
- फोटो उतरवणं आणि निवडणं : २ तास
- उजेड-रंग सुधारणं, दर फोटोला ३ मिनिटं : ४ तास
- फोटो पोचवणं, बारीकसारीक दुरुस्त्या : १ तास

एकूण १२ तास झाले. नवख्याने तासाला १५० रुपये धरले तर मेहनताना १,८०० रुपये.

आता कॅमेऱ्याची झीज. कॅमेरा आणि लेन्स मिळून ६०,००० रुपयांचं सामान ४ वर्षं चालेल आणि वर्षाला २५ कामं होतील असं धरू. म्हणजे १०० कामं, दर कामाला ६०० रुपये. पेट्रोलचे १५० आणि पेन ड्राइव्हचे ३५० धरले की बेरीज २,९०० होते. कार्यक्रम लांबतो, दुरुस्त्या वाढतात, म्हणून साधारण दहा टक्के वर ठेवून ३,२०० रुपये सांगावेत. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपल्या गावचे आणि आपल्या सामानाचे आकडे घालून हाच हिशेब करावा. मग गावातले स्टुडिओवाले अशा कामाचे किती घेतात ते विचारावं. आपला आकडा त्यांच्याही वर गेला, तर बहुधा आपल्याला एका फोटोमागे जास्त वेळ लागतोय.

काकू म्हणाल्या, "अरे, घरचंच आहे, हजारात कर," तर? हजारातून पेट्रोल आणि पेन ड्राइव्हचे ५०० गेले, झीज ६०० रुपये. म्हणजे १२ तास राबून खिशातले १०० रुपये गेले! तरीही नातं जपायचं असेल तर काम कमी करून पैसे कमी करावेत. ८० ऐवजी ४० फोटो दिले तर दुरुस्तीचे २ तास, म्हणजे ३०० रुपये वाचतात. किंवा कागदावर पूर्ण रक्कम ३,२००, खाली सवलत ७०० आणि देय २,५०० असं स्पष्ट लिहावं. नाहीतर पुढचं गिऱ्हाईक सवलतीचाच आकडा दर म्हणून धरतं.

चार ओळी लिहून द्याव्यात

घरच्या कामात भांडण सहसा पैशावरून होत नाही, न बोललेल्या गोष्टींवरून होतं. म्हणून साध्या कागदावर किंवा मोबाईलच्या मेसेजमध्ये एवढं लिहावं: किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत थांबणार, किती फोटो किती दिवसांत देणार, अल्बमचा खर्च वेगळा की यात धरलेला, आणि जास्तीच्या तासाचे किती. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. बाळाचे फोटो आपल्या पानावर टाकायचे असतील तर आई-वडिलांची परवानगी आधीच विचारावी, ते नको म्हणाले तर विषय तिथेच संपवावा.

पालकांनी हा हिशेब मुलासाठी करून देऊ नये. कागद-पेन्सिल त्याच्या हातात द्यावी आणि शेजारी बसावं. गणिताच्या शिक्षकांना तर नफा-तोट्याच्या धड्यासाठी हे आयतं उदाहरण आहे.