जुन्या कार्डाचं शेवटचं बिल

माझ्या मेहुण्याने मार्चमध्ये नवं क्रेडिट कार्ड घेतलं. दुसऱ्या बँकेचं, पेट्रोल आणि किराण्यावर जास्त पॉइंट देणारं. आठ वर्षं वापरलेलं जुनं कार्ड त्याने पाकिटातून काढून कपाटात टाकलं आणि ५ एप्रिलला त्याचा ऑटो-पेही बंद केला. मे महिन्याच्या मध्यावर जुन्या बँकेतून फोन आला तेव्हा तो मला म्हणाला, "दाजी, मी ते कार्ड बंदच केलंय की!"

त्याने कार्ड बंद केलं नव्हतं. बंद झालं होतं ते फक्त बिल आपोआप भरलं जाणं.

घोटाळ्याचं मूळ 'ऑटो-पे' या शब्दातच आहे, कारण एकाच कार्डाला दोन उलट्या दिशांचे ऑटो-पे लागलेले असतात. एकात आपल्या बचत खात्यातून पैसे निघून कार्डाचं बिल भरलं जातं. दुसऱ्यात कार्डावरून पैसे निघून ओटीटी, विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल असलं काहीबाही भरलं जातं. पहिला बंद केला म्हणून दुसरा थांबत नाही. मेहुण्याने भरणारा नळ बंद केला आणि गळणारा तसाच चालू ठेवला.

आता तारखा बघू. जुन्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघायचं आणि भरायची मुदत साधारण वीस दिवसांनी असायची. १२ मार्चचं बिल १ एप्रिलला खात्यातून बरोबर कापलं गेलं. तो मेसेज बघून गडी निर्धास्त झाला. पण १८ मार्चला त्याने याच कार्डावर ३,२७० रुपयांचा चष्मा केला होता आणि ४ एप्रिलला ओटीटीचे ६४९ रुपये कार्डावरून गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आवर्ती वसुलीची सूचना किमान चोवीस तास आधी यावी लागते, तशी ती आलीही होती. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे मेसेज न वाचताही पैसे जातात. दोन्ही रकमा मिळून ३,९१९ रुपये १२ एप्रिलच्या बिलात आले. मुदत २ मे. ऑटो-पे तर ५ एप्रिललाच गेलेला.

ऑटो-पे बंद करताना ॲपमध्ये एक आकडा बघायला हवा होता. बिलाची बाकी नव्हे, ती शून्यच दिसत होती. बघायला हवा होता 'अनबिल्ड' रकमेचा आकडा, म्हणजे खर्च झालाय पण अजून बिलात आलेला नाही तो. तिथे ३,९१९ रुपये निमूटपणे उभे होते.

पुढचा हिशेब असा. मुदत संपल्यावर तीन दिवसांपर्यंत बँक विलंब शुल्क लावू शकत नाही. थकबाकी तीन दिवसांहून जुनी झाली तरच ते लावावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे ५ मेपर्यंत पैसे जमा झाले असते तर शुल्क वाचलं असतं. ते झाले नाहीत, तेव्हा ५०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये लागले. व्याजाची गंमत वेगळीच. बिल पूर्ण न भरल्यास व्याज मुदतीच्या दिवसापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजतात. महिन्याला साडेतीन टक्के दराने चष्म्याचं ५५ दिवसांचं आणि ओटीटीचं ३८ दिवसांचं मिळून सुमारे २३५ रुपये, वर जीएसटी ४२. चार हजारांच्याही आतल्या उधारीवर १२ मेच्या बिलात ८६७ रुपयांची भर पडली.

गंमत म्हणजे नव्या कार्डाबाबत तो डोळ्यांत तेल घालून होता. धोका तिथेही असतो. त्याने २२ मार्चला नव्या कार्डाचा ऑटो-पे नोंदवला, पण पैसे दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यातून जायचे असल्याने त्या बँकेचा होकार यायला आठवडा गेला. तोवर २५ मार्चला पहिलं बिल निघालंही होतं. ऑटो-पे सहसा मंजुरीनंतर निघणाऱ्या बिलापासून लागू होतो, आधीच निघालेल्या बिलाला तो शिवत नाही. म्हणून नव्या कार्डाचं पहिलं बिल हातानेच भरायचं, असं धरून चालावं. मेहुण्याने ते भरलं. नोंदणी खरंच झाली का, हे कार्डाच्या ॲपमध्ये आणि बचत खात्याच्या नेट बँकिंगमधल्या मँडेटच्या यादीत, अशा दोन्हीकडे बघता येतं. नोंदवताना 'पूर्ण रक्कम' निवडली की 'किमान रक्कम', हेही तपासावं. किमान रकमेने विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही.

मग जुना ऑटो-पे बंद करायचा तरी कधी? माझ्या मते सगळ्यात शेवटी. आधी नव्या कार्डाचं एक बिल आपोआप भरलं गेलेलं बघावं. मग जुन्या कार्डाची मागच्या बारा महिन्यांची बिलं चाळून आवर्ती खर्च एकेक करून हलवावेत. बारा महिन्यांची अशासाठी की विम्याचा हप्ता किंवा अँटिव्हायरस वर्षातून एकदाच कापला जातो, तीन महिन्यांच्या बिलांत तो सापडणार नाही. कार्डावर ईएमआय चालू असेल तर तो फिटेपर्यंत काही हलत नाही. हे झाल्यावर जुन्या कार्डाची लागोपाठ दोन बिलं शून्याची आली आणि अनबिल्डही शून्य दिसलं, की ऑटो-पे काढायला हरकत नाही. तोवर तो राहिला तर काही बिघडत नाही. शून्याच्या बिलावर तो शून्यच कापतो. फक्त ज्या खात्यातून तो कापला जातो त्यात थोडे पैसे ठेवावेत. नोकरीबरोबर पगाराचं खातंही बदलणारे नेमके इथे फसतात: ऑटो-पे शाबूत, खातं रिकामं.

काढतानाही तो कार्डाच्या बाजूने काढावा आणि मुदतीच्या तोंडावर काढू नये. दोन वेगळ्या बँका असतील तर वसुलीची मागणी मुदतीच्या काही दिवस आधीच निघालेली असते. अशा वेळी नुसत्या बचत खात्याकडून मँडेट रद्द केलं, तर कार्डवाली बँक मागणी पाठवते, ती परत जाते आणि चेक परत गेल्यासारखं शुल्क दोन्हीकडे लागू शकतं. याच कारणाने आदल्या दिवशी हाताने बिल भरलं तर कधी कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पैसे कापले जातात. ते बुडत नाहीत, कार्डावर जमा दिसतात, पण परत मिळवायला अर्ज करावा लागतो. पैसे कापले गेल्यानंतर आणि पुढचं बिल निघण्याआधी जे दिवस मिळतात, ते यासाठी बरे. मेहुण्याच्या बाबतीत २ ते ११ तारीख.

मेहुण्याने सगळी थकबाकी त्याच दिवशी भरली आणि बँकेला फोन लावला. आठ वर्षांत पहिलीच चूक म्हणून त्यांनी विलंब शुल्क आणि त्यावरचा जीएसटी माफ केला, व्याज मात्र घेतलंच. शेवटचं व्याज पुढच्या बिलात ४१ रुपये आलं, कारण १२ मेनंतर पैसे भरेपर्यंतचे दिवस उरले होते. ते भरून त्याने कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. सहाव्या दिवशी खातं बंद झाल्याचा ईमेल आला. तो त्याने छापून कपाटात ठेवलाय, कापलेल्या कार्डाच्या तुकड्यांशेजारी.