स्टॉल घ्यायचा की नुसते फिरायला जायचे?

जानेवारी जवळ आला की कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीवाल्यांचे फोन वाजू लागतात. 'साहेब, कॉर्नर स्टॉल एकच उरलाय, आज बुक केलात तर दहा टक्के सूट.' माझ्या मते हा निर्णय सुटीवर होतच नाही. आधी एकच गोष्ट पाहावी: आपले गिऱ्हाईक त्या प्रदर्शनात कोणत्या बाजूला असणार, स्टॉलच्या आत की बाहेर?

बंगळुरूचे 'इमटेक्स' घ्या. तिथे एक वर्ष धातू कापणाऱ्या यंत्रांचे प्रदर्शन असते, पुढच्या वर्षी फॉर्मिंगच्या यंत्रांचे. स्टॉल असतात यंत्रे बनवणाऱ्यांचे आणि बघायला येतात ती यंत्रे विकत घेणारे कारखानदार. आता तुमची फाउंड्री लेथचे बेड आणि हेडस्टॉकची कास्टिंग ओतत असेल, तर तुमचे गिऱ्हाईक म्हणजे तो यंत्र बनवणाराच, आणि तो त्याच्या स्टॉलवर उभा आहे. त्याला भेटायला तुम्ही स्वतः स्टॉल मांडण्याची गरज नाही. उलट स्टॉल घेतला तर प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच अडकून पडाल. याउलट तुम्ही कटिंग टूल विकत असाल तर गिऱ्हाईक गर्दीत फिरते आहे, मग स्टॉलला अर्थ आहे. हे न पाहता स्टॉल घेणारे बरेच असतात आणि दोष मात्र प्रदर्शनाला देतात.

आता हिशोब मांडू. आकडे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. नऊ चौरस मीटरची जागा, दर चौरस मीटरला दहा हजार, म्हणजे नव्वद हजार. त्यावरच्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणून तो सोडून देऊ. वीज, टेबल-खुर्च्या आणि बोर्ड पस्तीस हजार, नमुन्याच्या कास्टिंगची ने-आण वीस हजार, दोन माणसांचा प्रवास, राहणे-जेवणे पन्नास हजार, माहितीपत्रके वगैरे पंधरा हजार. झाले दोन लाख दहा हजार. भाडे निम्म्याहूनही कमी, आणि बहुतेक जण तेवढेच धरून बसतात.

समोरच्या बाजूला काय येईल? दोन माणसे चार दिवसांत नीट बोलू शकतील अशी माणसे शंभरेक. त्यातली खरोखर कास्टिंग विकत घेणारी दहा धरू. पुढचा आकडा तुमच्याच कोटेशनच्या रजिस्टरात आहे: मागच्या दोन वर्षांत किती कोटेशन दिली आणि किती ऑर्डरी आल्या? दहास एक असेल तर या प्रदर्शनातून एक गिऱ्हाईक मिळेल. ते वर्षाला पंधरा लाखांचा माल उचलते आणि तुम्हाला दहा टक्के सुटतात, असे धरले तरी पहिल्या वर्षी पूर्ण दीड लाख हाती येत नाहीत. पॅटर्न बनणार, नमुना ओतून पाठवणार, तो पास होणार, यात सहा महिने सहज जातात. पहिल्या वर्षी पाऊण लाख, दुसऱ्या वर्षी दीड. म्हणजे दोन लाख दहा हजार वसूल व्हायला दुसरे वर्ष सरत येते. तेवढा दम असेल तर जा, पण पहिल्या वर्षाच्या आशेवर कर्ज काढून जाऊ नका.

तोच फाउंड्रीवाला रात्रीच्या गाडीने बंगळुरूला जाऊन दोन दिवस नुसता फिरला, तर पंधरा हजारांत भागते. फक्त एक अडचण आहे. स्टॉलवर उभी असणारी माणसे विक्री खात्याची असतात, त्यांना विकायचे असते, घ्यायचे नसते. परचेसचा किंवा प्रॉडक्शनचा माणूस एखाद्याच दिवशी येतो. म्हणून तीन आठवडे आधी स्टॉलधारकांची यादी पाहून पंचवीस कंपन्यांना पत्र लिहायचे: अमुक वजनाचे बेड ओततो, तुमचे परचेसचे साहेब कोणत्या दिवशी येणार आहेत? सात-आठ जणांनी वेळ दिली तर तिकीट काढा.

आयोजक 'लाखभर लोक येतात' म्हणतात तेव्हा विचारावे की एकच माणूस तीन दिवस आला तर तो तीनदा मोजला का, आणि त्यात विद्यार्थी किती. त्याहून भरवशाची तपासणी म्हणजे मागच्या दोन खेपांच्या स्टॉलधारकांच्या याद्या शेजारी ठेवणे. आपल्याएवढा छोटा उद्योग एकदा आला आणि पुन्हा आला नाही, असे चार-पाच निवडून त्यांना फोन करावा. ते खरे सांगतात, कारण त्यांना काही विकायचे नसते.

'तुमची पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' अशा निमंत्रणांवर वेळ घालवू नये. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची स्टॉलभाड्याचा काही भाग परत देणारी योजना आहे, पण ती त्या प्रदर्शनाला लागू आहे का हे पैसे भरण्याआधी विचारा आणि परतावा नंतर येतो हे लक्षात ठेवा.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला कोटेशन पाठवायला कारखान्यात कोण बसणार, त्याचे नावही आधीच ठरवा. तसे कोणी नसेल तर त्या वर्षी स्टॉल बुक करू नका.