फूलबागेला जाणाऱ्या काकांच्या भेटकार्डावर काय लिहिलं



आपल्या डिझेल पंपावरचे काका निवृत्त झाले. लेक ग्वाल्हेरला फूलबागेजवळ राहते, झाशीच्या राणीची समाधी आहे त्याच भागात. काका-काकू आता तिच्याकडे जाणार. भेट म्हणून जाड रजई घेतली, कारण तिकडची पौष-माघातली थंडी आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सोसणारी नाही. अडलं ते कार्डावर.

पहिला मजकूर मीच केला होता: "पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे व निरोगी जावो." एका तांडेलाने वाचून सांगितलं, "सेक्रेटरी, हेच माझ्या भावाच्या कार्डावर होतं." घरून ते कार्ड आणून दाखवलंन. खरंच, फक्त नाव बदललेलं. लाज वाटली.

मग नावावर अंगठा ठेवून वाचायचं ठरवलं. नाव झाकल्यावर वाक्य दुसऱ्या कुणालाही लागू पडलं, तर ते खोडायचं. "प्रामाणिक सेवा" गेली, "मनमिळाऊ स्वभाव" गेला. पंपावर डिझेल भरणाऱ्यांना विचारलं, काका म्हटलं की काय आठवतं? सगळ्यांचं उत्तर एकच: बंदी उठल्याची पहाट. १ जून ते ३१ जुलै होड्या वर असतात. १ ऑगस्टला सगळ्यांनाच आधी डिझेल हवं. त्या दिवशी पहाटे तीनला काका पंपाचा दिवा लावून बसलेले असायचे.

एक खलाशी म्हणाला, "माझी उधारी सांभाळून घेतली ते लिहा." गोष्ट खरी, पण लिहिली नाही. कार्ड लेकीच्या घरी चारचौघांत वाचलं जाणार, तिथे कुणाचा हिशेब नको. आजारपण आणि घरातली भांडणंही अशीच बाहेर ठेवायची. "तीस वर्षं" असं अंदाजाने लिहिणार होतो, पण हजेरीपुस्तक बघितल्याशिवाय आकडा टाकायचा नाही म्हणून तेही काढलं.

शेवटी उरली तीन वाक्यं:

"काका, १ ऑगस्टच्या पहाटे तीनला पंपावरचा तुमचा दिवा दिसला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. फूलबागेत दर्या नाही आणि थंडी मात्र भरपूर, म्हणून ही रजई. येत्या १ ऑगस्टला त्याच वेळेला फोन करा, पहिली होडी सुटल्याचा आवाज ऐकवतो."

पहिल्या वाक्यात त्यांचं काम आलं, दुसऱ्यात ही भेट का ते, आणि तिसऱ्यात आपण करायची एक गोष्ट. तिसरं वाक्य जपून लिहा, कारण ते पाळावं लागतं. "येत जा" लिहायचं आणि नंतर विचारायचं नाही, त्यापेक्षा ते न लिहिलेलं बरं.

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. म्हणाले, "तीनला नाही रे, पावणेतीनला." तिथेच पेनाने दुरुस्त करून दिलं.

१ ऑगस्टला पहाटे जेटीवर जो असेल त्याने फोन उचलायचा. नंबर ऑफिसात लावून ठेवलाय.

– सेक्रेटरी