घराचा क्रमांक : जागेचा की काळाचा?

प्रास्ताविक

पुणे–नाशिक महामार्गाने जाताना आंबेगाव तालुक्यात पेठ हे गाव लागते. अशा एखाद्या गावात तुम्ही प्रथमच गेला आहात आणि तुमच्या हाती 'घर क्रमांक ३१७' एवढाच पत्ता आहे, अशी कल्पना करा. तुम्ही ३१६ क्रमांकाचे घर शोधाल आणि त्याच्या शेजारचे दार वाजवाल. ते दार बहुधा भलत्याच घराचे निघेल. असे का होते, हे या भागात आपण पाहू.

क्रमांक कोठून येतो?

शहरातील नव्या वसाहतीत घरांना रस्त्याच्या क्रमाने आकडे दिलेले असतात. गावातील घराचा क्रमांक मात्र घरपट्टीसाठी जन्माला येतो. ग्रामपंचायत आपल्या हद्दीतील मिळकतींची कर आकारणी नोंदवही ठेवते. तिला 'नमुना ८' म्हणतात. तीत मिळकतीचा क्रमांक, मालकाचे व भोगवटादाराचे नाव, मिळकतीचे वर्णन आणि कराची रक्कम नोंदलेली असते. पहिली नोंद करताना कर्मचारी आळीआळीने फिरलेला असतो. त्यामुळे जुन्या गावठाणातील आकडे बरेचसे ओळीने येतात. पुढे नवे घर बांधले जाते, तेव्हा वहीतील शेवटच्या आकड्यापुढचा आकडा त्याला मिळतो. ते घर कोठे उभे आहे, हे त्या वेळी विचारात घेतले जात नाही.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. देवळापासून निघणाऱ्या एका आळीत ४१, ४२ आणि ४३ ही तीन जुनी घरे आहेत. ४२ आणि ४३ यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कोणी घर बांधले. त्या वेळी वहीत ३१५ नोंदी होत्या, म्हणून या घराला ३१६ हा क्रमांक मिळाला. त्यानंतरची नोंद गावापासून दोन किलोमीटरवरच्या वाडीतील, मळ्यात बांधलेल्या घराची झाली. ते ३१७ झाले. आता आळीतून चालणाऱ्याला ४१, ४२, ३१६, ४३ असे आकडे दिसतात. ३१६ आणि ३१७ हे शेजारी आहेत खरे, परंतु ते काळाचे शेजारी आहेत, जागेचे नव्हेत.

याउलट, ४२ क्रमांकाच्या घराची दोन भावांत वाटणी झाली, तर ४२/१ आणि ४२/२ अशा नोंदी होऊ शकतात. ही घरे मात्र खरोखरच लगतची असतात. म्हणजे एकाच वहीत काही आकडे जागा सांगतात, तर काही केवळ नोंदीचा काळ. पाहुण्याच्या गोंधळाचे मूळ या मिश्रणात आहे.

शिवाय दारावर एकच आकडा असतो असे नाही. जनगणनेच्या वेळी रंगवलेला आकडा वेगळा असतो. जमिनीचा गट क्रमांक आणखी वेगळा.

गावकऱ्यांना अडचण का येत नाही?

गावकरी आकड्याने घर शोधतच नाहीत. आळी, वाडी, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि जवळची ठळक खूण हाच त्यांचा पत्ता असतो. पोस्टमनही बहुधा नावावरूनच पत्र पोहोचवतो. रात्री १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका परगावाहून येते, तेव्हा मात्र चालकाला हे ज्ञान नसते, आणि विचारायला रस्त्यावर माणूसही नसतो. तेथे 'घर क्रमांक ३१७' हा पत्ता निरुपयोगी ठरतो.

जपानचा अनुभव

जपानमध्येही पूर्वी जमिनीच्या कराकरिता दिलेले क्रमांकच पत्ता म्हणून वापरले जात. जमिनीचे तुकडे पडत गेले, तसे आकड्यांचा आणि जागेचा मेळ सुटला. १९६२ साली तेथे कायदा होऊन निवासाचा पत्ता जमिनीच्या क्रमांकापासून वेगळा करण्यास सुरुवात झाली. त्या पद्धतीत वस्तीच्या चौकाभोवती ठरावीक अंतराने आकडे ठरवतात आणि घराचे दार जेथे उघडते तेथील आकडा घराला देतात. मधल्या जागेत उशिरा बांधलेल्या घरालाही त्यामुळे जागेनुसारच क्रमांक मिळतो. कराची नोंद आणि वाट दाखवणे ही दोन कामे एकाच आकड्यावर सोपवू नयेत, हा यातला बोध आहे.

पत्ता कसा ओळखावा व लिहावा?

रस्त्याने चालताना दोन-तीन दारे पाहा. आकडा अचानक मोठी उडी घेत असेल, तर तो जागेचा नाही असे समजा. मग पुढचा आकडा शोधत न फिरता नाव आणि वाडी विचारा. स्वतःचा पत्ता लिहितानाही मिळकत क्रमांकाबरोबर वाडीचे नाव आणि मुख्य रस्त्यावरून कोठे वळायचे ते अवश्य लिहा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ३१६ व ३१७ दूर असताना ४२/१ व ४२/२ लगत का असतात?
२. तुमच्या आळीतील पाच घरांचे क्रमांक ओळीने लिहा. त्यांपैकी कोणते आकडे जागा सांगतात व कोणते काळ?