एमआरआयवरचे पांढरे डाग काय सांगतात?

मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची असते, पण तेवढा धीर कोणाला असतो? तुम्ही फाइल उघडता. त्यात लिहिलेलं असतं, ‘अनेक ठिकाणी पांढरे डाग, डिमायलिनेशनची शक्यता’. मग तुम्ही इंटरनेटवर शोधता आणि समोर येतं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. डाग नऊ आहेत म्हणजे आजार खूप वाढलाय का, या विचाराने रात्रभर झोप लागत नाही.

खरं तर डाग किती आहेत, याआधी डॉक्टर दोन गोष्टी बघतात. डाग कुठे आहेत आणि ते किती जुने आहेत. हे कसं ठरतं, हे समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचाच मागोवा घेऊ.

एक २९ वर्षांची तरुणी आहे. एके सकाळी तिला उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागलं. डोळा फिरवला की दुखायचं आणि लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. चार दिवसांत त्रास वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की, डोळ्याच्या नसेला सूज आहे आणि मेंदूचा एमआरआय करायला हवा. त्या स्कॅनमध्ये नऊ डाग निघाले.

डाग म्हणजे नेमकं काय?

मेंदूतल्या नसांच्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं, तसंच. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून याच आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण खराब होतं, तिथे एक चट्टा तयार होतो. त्याला प्लाक म्हणतात.

एमआरआयमध्ये एकाच मेंदूचे वेगवेगळ्या प्रकारे फोटो काढले जातात. त्यातला फ्लेअर नावाचा प्रकार एमएससाठी सर्वात उपयोगी ठरतो. त्यात मेंदूच्या पोकळ्यांमधलं पाणी काळं दिसतं आणि प्लाक पांढरा चमकतो, त्यामुळे पाण्याला चिकटून असलेला लहान डागही लपत नाही. साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा डागच एमएसच्या हिशेबात धरतात.

जागा का महत्त्वाची?

पांढरा डाग दिसला म्हणजे एमएसच आहे, असं मुळीच नाही. अर्धशिशी असणाऱ्यांच्या मेंदूत असे बारीक डाग सापडतात. वाढतं वय, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यामुळेही ते येतात. मात्र ते बहुतेक वेळा मेंदूच्या पांढऱ्या भागात आत कुठेतरी ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात.

एमएसच्या डागांच्या जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा म्हणजे मेंदूच्या मधल्या पाण्याच्या पोकळ्यांची कड. दुसरी, मेंदूच्या बाहेरच्या राखाडी थराला अगदी टेकून. तिसरी, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम. चौथी, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. निदानासाठी जगभर वापरले जाणारे मॅकडोनाल्ड निकष २०१७ मध्ये सुधारले गेले, तेव्हा याच चार जागा धरल्या होत्या. नंतरच्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा म्हणून आली.

पोकळीच्या कडेच्या डागांचा आकारही बोलका असतो. ते लांबट, अंडाकृती असतात आणि पोकळीच्या भिंतीवर काटकोनात उभे दिसतात, जणू भिंतीतून बोटं बाहेर आली आहेत. स्कॉटलंडचे जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतला हा बदल पाहून त्याचं वर्णन केलं, म्हणून आजही रेडिओलॉजिस्ट या डागांना ‘डॉसन्स फिंगर्स’ म्हणतात. या आकाराचं कारण सोपं आहे. त्या भागातल्या बारीक शिरा पोकळीकडे काटकोनात जातात आणि एमएसची सूज शिरेभोवतीच सुरू होते. शीर ज्या दिशेने, डागही त्याच दिशेने.

आता आपल्या तरुणीचा रिपोर्ट बघा. तिचे सहा डाग पोकळीच्या कडेला होते, दोन राखाडी थराला टेकून आणि एक लहान मेंदूत. म्हणजे आजार एकाहून अधिक ठरलेल्या जागी पसरलाय, हे स्पष्ट झालं.

नवा डाग कसा ओळखतात?

फ्लेअरमध्ये नवा आणि जुना डाग सारखाच पांढरा दिसतो. कालचा कोणता आणि चार वर्षांपूर्वीचा कोणता, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम नावाचं कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देतात आणि काही मिनिटं थांबून पुन्हा फोटो काढतात.

एरवी हे औषध मेंदूच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. पण जिथे नुकतीच सूज आली आहे, तिथे ही भिंत गळकी होते. औषध तिथून झिरपतं आणि तो डाग उजळतो. यालाच रिपोर्टमध्ये ‘एनहान्समेंट’ किंवा ‘अॅक्टिव्ह लीजन’ म्हणतात. भिंत पुन्हा घट्ट झाली की उजळणं थांबतं. यासाठी सरासरी तीन आठवडे लागतात आणि दोन महिन्यांच्या पुढे ते क्वचितच टिकतं. म्हणून उजळलेला डाग हा बहुतेक वेळा गेल्या काही आठवड्यांतला असतो.

आपल्या तरुणीच्या नऊ डागांपैकी एकच उजळला, राखाडी थराजवळचा. बाकीचे आठ शांत होते. म्हणजे एक डाग ताजा आणि बाकीचे जुने. तिला त्रास पहिल्यांदाच झाला होता, पण आजार त्याआधीच गुपचूप सुरू झाला होता. आजार जागांमध्ये पसरला आहे आणि काळामध्येही, असे दोन्ही पुरावे एकाच स्कॅनमध्ये मिळाले. एमएससारखे दिसणारे इतर आजार रक्ताच्या तपासण्यांमधून वगळले आणि निदान झालं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टेरॉइड घेतलं की गळकी भिंत लवकर बुजते आणि ताजा डागही उजळत नाही. म्हणून स्टेरॉइड आधी सुरू झालं असेल, तर स्कॅनच्या वेळी ते नक्की सांगा. दुसरं म्हणजे, उजळणारा प्रत्येक डाग एमएसचा नसतो. आपल्याकडे क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या गाठीही कडेने उजळतात. त्यांची कडी बहुतेक वेळा पूर्ण गोल असते, तर एमएसच्या मोठ्या डागाची कडी अनेकदा एका बाजूने उघडी, नालेसारखी दिसते.

पुन्हा पुन्हा स्कॅन कशासाठी?

तरुणीला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली. ती ताजी सूज उतरवण्यासाठी होती. मग नवे डाग होऊ नयेत म्हणून दीर्घकाळ घ्यायचं औषध सुरू झालं. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. डाग दहा निघाले. घरचे घाबरले. एक डाग वाढला, म्हणजे औषध फुकट गेलं का?

डॉक्टर मात्र शांत होते. यातली बरीचशी औषधं पूर्ण परिणाम दाखवायला काही महिने घेतात. पहिलं स्कॅन आणि औषधाचा परिणाम सुरू होणं, या मधल्या काळात आलेल्या डागाचा दोष औषधाला देता येत नाही. म्हणूनच उपचार सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक स्कॅन करतात आणि पुढची तुलना त्याच्याशी होते. आता तिचा पाया नऊ नाही, तर दहा डागांचा होता.

आणखी एक वर्ष गेलं. डोळा जवळजवळ पूर्ववत झाला होता, ती कामावर जात होती, नवा त्रास काहीच नव्हता. ‘कशाला उगीच स्कॅन?’ असं तिला वाटलं. तरी तिने केला. डाग तेरा निघाले. एकही उजळत नव्हता, पण तीन नवे होते.

असं कसं? मेंदूतला प्रत्येक नवा डाग लक्षण दाखवत नाही. हातापायाच्या किंवा नजरेच्या वाटेवर डाग पडला तर लगेच कळतं, इतर ठिकाणी पडला तर कळतही नाही. एमआरआयवर नवे डाग हे जाणवणाऱ्या झटक्यांपेक्षा कित्येक पट जास्त वेळा दिसतात. आणि मधल्या वर्षात येऊन गेलेला डाग स्कॅनच्या दिवशी उजळेलच, असंही नाही. तो फक्त जुन्या स्कॅनशेजारी नवं स्कॅन ठेवलं की सापडतो. त्यामुळेच चांगली तुलना उपलब्ध असेल, तर दर वर्षीच्या तपासणीत गॅडोलिनियम द्यावंच लागतं असं नाही.

डॉक्टरांनी आधी खात्री केली. औषधाचे डोस चुकले होते का? नाही. मशीन तेच होतं का? होय. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आधी १.५ टेस्लाच्या मशीनवर आणि नंतर ३ टेस्लाच्या मशीनवर स्कॅन केलं, तर बारीक डाग जास्त स्पष्ट दिसतात आणि जुनाच डाग नवा वाटू शकतो. इथे तसं काही नव्हतं. तीन डाग खरोखर नवे होते, म्हणून तिला जास्त प्रभावी औषधावर नेलं. त्या औषधासाठीही आधी पुन्हा नवा पाया ठरवला. तेव्हा आणि त्यानंतरच्या वर्षी आकडा तेरावरच राहिला.

आकडा काय सांगत नाही?

तेरा डाग असलेली व्यक्ती धावू शकते आणि चार डाग असलेल्या व्यक्तीला चालताना काठी लागू शकते. मज्जारज्जूतला एक लहान डाग मोठ्या मेंदूतल्या पाच डागांपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. काही जुने डाग लहान होतात, पण सहसा पूर्ण पुसले जात नाहीत. टी१ नावाच्या फोटोत काही डाग कायमचे काळे दिसतात. त्यांना ‘ब्लॅक होल’ म्हणतात आणि तिथे आवरणासोबत तंतूंचंही नुकसान झालेलं असतं. थकवा मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही. तो तुम्हीच डॉक्टरांना सांगायचा असतो.

म्हणून पुढच्या वेळी स्कॅनला जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका. आधीच्या स्कॅनची सीडी किंवा ऑनलाइन लिंक न्या, शक्यतो त्याच सेंटरमध्ये जा आणि औषध कोणत्या तारखेला सुरू झालं ते लिहून द्या. गर्भवती असाल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर कॉन्ट्रास्टच्या आधी ते सांगा. आणि रिपोर्ट हातात आला की, डाग मोजत बसण्याऐवजी एक ओळ शोधा. ‘आधीच्या स्कॅनच्या तुलनेत’ असं लिहून पुढे नवे डाग आहेत की नाहीत, ते दिलंय का? ती ओळ नसेल, तर सीडी पुन्हा रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि तुलना करून मागा. औषध तेच ठेवायचं की बदलायचं, हे ठरवताना डॉक्टर याच ओळीकडे बघतात.