‘स्क्वेअर फुटाला किती?’ : घराच्या खर्चाचा अंदाज नेमका कसा काढतात?

घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच असतो. ठेकेदार एक दर सांगतो, घरचे मोबाईलवर गुणाकार करतात आणि त्या आकड्यावर कर्जाचा अर्ज जातो. मग स्लॅब पडेपर्यंत पैसे संपतात. ठेकेदाराने फसवलं, असं लगेच वाटतं. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा गडबड त्या गुणाकारातच असते.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये खर्चाचा अंदाज काढायच्या तीन पद्धती शिकवतात: अ‍ॅनालॉगस, पॅरामेट्रिक आणि बॉटम-अप. नावं जड आहेत, पण तिन्ही पद्धती गावात रोज वापरल्या जातात.

समजा, खुलताबादमधल्या एका कुटुंबाला 900 चौरस फुटांचं तळमजल्याचं घर बांधायचंय. (पुढचे बांधकामाचे आकडे आणि दर समजावण्यासाठी गृहीत धरलेले आहेत.)

चुलत भावाचं घर बघून

चुलत भावाने दोन वर्षांपूर्वी 1,400 चौरस फुटांचं घर बांधलं. खर्च आला 24 लाख 85 हजार, म्हणजे चौरस फुटाला 1,775 रुपये. त्या दराने 900 फुटांचे होतात 15 लाख 97 हजार 500. झालेल्या एका कामावरून नव्या कामाचा अंदाज बांधणं, ही अ‍ॅनालॉगस पद्धत.

पाच मिनिटांत उत्तर मिळतं आणि नकाशाही लागत नाही. प्लॉट घ्यावा की नको एवढंच ठरवायचं असेल तर हे पुरेसं आहे. अडचण अशी की एका घरात त्या घराचं सगळं वेगळेपण मिसळलेलं असतं. भावाने फरशी महाग घेतली का, सळई स्वस्त असताना उचलली का, हे त्या 1,775 मधून कळत नाही.

तीन घरं घेतली तर?

आता त्याच परिसरात, त्याच सुमारास बांधलेली आणखी दोन घरं घेऊ. 700 फुटांच्या घराला 13 लाख 30 हजार लागले आणि 1,000 फुटांच्या घराला 18 लाख 25 हजार. दर काढला तर 700 ला 1,900, 1,000 ला 1,825 आणि 1,400 ला 1,775. घर लहान तसा दर जास्त!

कारण काही खर्च घराच्या आकारावर अवलंबून नसतात. बोअर, सेप्टिक टँक, वीज मीटर, सिमेंट ठेवायला पत्र्याची शेड. घर 700 चं असो की 1,400 चं, बोअर एकच. मोठ्या घरात हा खर्च जास्त फुटांवर वाटला जातो, म्हणून दर कमी दिसतो.

पॅरामेट्रिक पद्धत हे दोन भाग वेगळे करते. 700 वरून 1,000 वर गेलं की 300 फूट वाढतात आणि खर्च वाढतो 4 लाख 95 हजार. म्हणजे वाढीव प्रत्येक फुटाला 1,650 रुपये. 700 फुटांचे 1,650 प्रमाणे 11 लाख 55 हजार होतात, पण प्रत्यक्षात 13 लाख 30 हजार लागले. मधले 1 लाख 75 हजार म्हणजे स्थिर खर्च. सूत्र तयार झालं:

खर्च = 1,75,000 + (1,650 × चौरस फूट)

ते बरोबर आहे का, हे कसं कळणार? सूत्र काढताना तिसरं घर वापरलं नव्हतं, ते आता तपासायला घ्यायचं. 1,400 × 1,650 = 23 लाख 10 हजार, अधिक 1 लाख 75 हजार, म्हणजे 24 लाख 85 हजार. जुळलं. इथे आकडे सोयीचे घेतलेत. खऱ्या कामात फरक पडतोच आणि तो जेवढा पडतो, तेवढी रक्कम आपल्या अंदाजातही इकडेतिकडे धरावी लागते.

आता 900 फुटांचं घर: 14 लाख 85 हजार अधिक 1 लाख 75 हजार, म्हणजे 16 लाख 60 हजार. ही घरं दोन वर्षांपूर्वीची आहेत. मधल्या काळात दर 8 टक्के वाढले असं धरलं तर 17 लाख 92 हजार 800. भावाच्या घरावरून काढलेल्या आकड्यापेक्षा हा जवळपास दोन लाखांनी जास्त आहे. त्यातले 62 हजार 500 फक्त स्थिर खर्च नीट न धरल्यामुळे, बाकीचे महागाईचे.

पण माती कुठली?

ही तिन्ही घरं डोंगरावर, मुरमाच्या जमिनीत बांधलेली आहेत, असं समजू. आणि नवा प्लॉट आहे घाट उतरून खाली, काळ्या मातीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर हलवते. सूत्राला हे माहीतच नाही, कारण त्याने काळ्या मातीतलं एकही घर पाहिलेलं नाही.

इथे बॉटम-अप लागतं. नकाशा घ्यायचा, प्रत्येक कामाचं मोजमाप काढायचं, दर लावायचा आणि खालून वर बेरीज करत यायचं. (शेजारच्या वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं, हिशेब मात्र खालूनच सुरू होतो.)

फक्त पायाचं बघू. 12 कॉलम आहेत आणि प्रत्येकाचा खड्डा 5 बाय 5 फूट. मुरमात 5 फूट खोली पुरली होती, इथे पक्का थर 8 फुटांवर लागतो. वाढीव 3 फुटांची खोदाई 900 घनफूट, म्हणजे 9 ब्रास. 800 रुपये दराने 7,200. तेवढेच 12 कॉलम लांबणार, सळई-सेंट्रिंगसह प्रत्येकी 1,100 धरले तर 13,200. घराखालची 3 फूट काळी माती काढायची, त्यात खड्ड्यांची जागा सोडून 18 ब्रास उरते. 600 ने 10,800. मग तिथे 27 ब्रास मुरूम भरून दाबायचा. 2,000 ने 54,000.

बेरीज 85,200. म्हणजे एकूण अंदाज 18 लाख 78 हजार. सगळं घर असंच मोजलं तर आकडा आणखी पक्का होतो, पण त्यासाठी पूर्ण नकाशे, इंजिनिअर आणि वेळ लागतो. शिवाय बॉटम-अपची स्वतःची एक खोड आहे. जे यादीत लिहायचं राहिलं, त्याचा खर्च शून्य धरला जातो. पॅरामेट्रिकमध्ये ते विसरलेले खर्च जुन्या बिलांमधून आपोआप आत आलेले असतात. म्हणूनच दोन्ही आकडे शेजारी ठेवतात आणि फार तफावत दिसली की काय सुटलं ते शोधतात.

सरकारी कामातही साधारण हाच क्रम आहे. प्रशासकीय मान्यतेसाठी ढोबळ अंदाज चालतो, तांत्रिक मान्यतेसाठी मात्र मोजमापं आणि दरसूची लावून तपशीलवार अंदाजपत्रक करावं लागतं.

मग घरकुलाला हे सूत्र चालेल?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आहे. सपाट भागासाठी केंद्राच्या निकषानुसार मदत 1 लाख 20 हजार. वरचं सूत्र लावलं तर महागाईसह 6 लाख 68 हजारांच्या वर आकडा जातो. तो बघून घाबरायचं कारण नाही आणि त्यावर विसंबायचंही नाही. सूत्र 700 ते 1,400 फुटांच्या घरांवरून काढलंय. घरकुलात बहुतेक वेळा वेगळा बोअर नसतो, कॉलमऐवजी भिंतींवर छत येऊ शकतं आणि घरची माणसं कामाला लागतात. दुसरीकडे, 1 लाख 20 हजार हाही खर्चाचा अंदाज नाही. ती मदतीची रक्कम आहे, फुटाला जेमतेम 446 रुपये पडते. घरकुलाचा खरा खर्च काढायचा तर गावात नुकत्याच पूर्ण झालेल्या चार-पाच घरकुलांची बिलं गोळा करून नवं सूत्र मांडावं लागेल, आणि त्यात घरच्यांनी फुकट केलेल्या कामाचे दिवसही लिहावे लागतील.