२.३ म्हणजे नापास नव्हे : जर्मन गुणपत्रिका कशी वाचावी

जर्मनीत एम.एस. करणाऱ्या मुलीने पहिल्या सेमिस्टरचा निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, की घरी आकडे दिसतात 1,7 आणि 2,3. शंभरपैकी गुण किंवा दहापैकी सीजीपीए बघायची सवय असलेल्या आईवडिलांच्या पोटात गोळाच येतो. एवढे लाखो रुपये खर्चून दोन गुण?

जर्मनीत मोजणी उलटी चालते. 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 ही उत्तीर्ण होण्याची शेवटची पायरी. त्यानंतर थेट 5.0, म्हणजे नापास. मधल्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : 1.0, 1.3, 1.7, 2.0, 2.3 अशा. म्हणून एका विषयात 2.4 किंवा 3.1 असा आकडा सहसा दिसणार नाही. आणि तो स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश चिन्हाचा टिंब. 1.5 पर्यंत ‘अतिउत्तम’, 2.5 पर्यंत ‘चांगले’, 3.5 पर्यंत ‘समाधानकारक’. तेव्हा 2.3 वाली मुलगी ‘चांगले’ या वर्गात आहे, आणि तिथल्या कडक तपासणीत तो वर्ग सहज मिळत नाही.

ग्रेडच्या शेजारी आणखी एक आकडा असतो, तो क्रेडिटचा. पालकांचे त्याच्याकडे दुर्लक्ष होते, पण माझ्या मते आधी तोच बघायला हवा. हे क्रेडिट युरोपभर चालणाऱ्या ECTS पद्धतीचे असतात. क्रेडिट विषयाचे वजन सांगतो, मुलाची हुशारी नाही. एक क्रेडिट म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचे काम, आणि त्यात वर्गातले तास, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षा सगळे आले. पूर्ण सेमिस्टरचे 30 क्रेडिट, दोन वर्षांच्या मास्टर्सचे 120. विषय उत्तीर्ण झाला की त्याचे सगळे क्रेडिट मिळतात, मग ग्रेड 1.0 असो वा 4.0. नापास झाला तर शून्य.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुलीला 12 क्रेडिटच्या विषयात 1.7 मिळाले, 6 क्रेडिटच्या दुसऱ्या विषयात 2.3 आणि 6 क्रेडिटच्या तिसऱ्यात 3.7. शिवाय 6 क्रेडिटचे एक प्रात्यक्षिक आहे, त्यापुढे आकडा नाही, फक्त ‘बेश्टान्डन’ म्हणजे उत्तीर्ण असे लिहिले आहे. क्रेडिट झाले पूर्ण 30. सरासरी काढताना प्रात्यक्षिक बाजूला ठेवायचे, कारण त्याला ग्रेडच नाही. उरलेल्या विषयांत ग्रेडला क्रेडिटने गुणायचे : 20.4, 13.8 आणि 22.2. बेरीज 56.4, भागिले 24 क्रेडिट, उत्तर 2.35. अंतिम सरासरीत दशांशानंतरचा एकच आकडा ठेवतात आणि पुढचे बहुधा सोडून देतात, म्हणून 2.3. घरी नुसती तीन ग्रेडची सरासरी काढली असती तर 2.5 च्या वर गेली असती. शेवटचा प्रबंध बऱ्याच अभ्यासक्रमांत 30 क्रेडिटचा असतो, म्हणून एकटा तोच पदवीच्या ग्रेडचा मोठा हिस्सा ठरवतो.

या ग्रेडची टक्केवारी काढून नातेवाइकांना सांगायचा मोह होतो. भारतीय गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलायचे एक सूत्र आहे खरे. दहापैकी 8 सीजीपीए, उत्तीर्णतेची मर्यादा 4, तर ग्रेड 2.0 येते. पण हे सूत्र प्रवेशाच्या वेळी इकडचे गुण तिकडे मोजण्यासाठी आहे. ते उलटे फिरवून ‘2.3 म्हणजे इतके टक्के’ म्हणणे योग्य नाही. मुलीला हिशेब विचारू नका, ‘चांगले’ एवढेच पुरे.

खरी काळजी करायची जागा निराळी आहे. ग्रेड 1.7 आहे, पण सेमिस्टरला क्रेडिट फक्त 12 झाले, असे दिसले तर विचारा. परदेशी मुले पहिल्या सेमिस्टरला काही पेपर पुढे ढकलतात, त्यात नापासाचा संबंध नसतो. मात्र दोन-तीन सेमिस्टर असेच गेले तर पदवी लांबते, त्याबरोबर राहण्याचा खर्च आणि निवास परवान्याच्या मुदतवाढीचा प्रश्नही येतो. दुसरे म्हणजे, एका पेपरला प्रयत्नांची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी तीन. सक्तीच्या विषयात शेवटचाही प्रयत्न हुकला तर नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात सहसा पुढे चालू करता येत नाही. उत्तीर्ण झालेला पेपर मात्र केवळ ग्रेड सुधारण्यासाठी बहुतेक ठिकाणी पुन्हा देता येत नाही, म्हणून ‘पुन्हा बस ना’ असा आग्रह धरू नका.

पुढच्या वेळी निकाल आला, की दोनच गोष्टी विचारा : आतापर्यंत एकूण क्रेडिट किती झाले, आणि कुठल्या पेपरचा शेवटचा प्रयत्न उरला आहे का?